चार क्लिप आणि एक कोन: माराच्या प्रतिक्रियेच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२५, फोंडा

आजपासून लाठीच्या लढतीच्या गेममधील माराच्या प्रतिक्रियेचे काम हाती घेतले आहे. पात्राला मार बसल्यावर त्याने कसे हलावे यासाठी आमच्याकडे चार क्लिप असतील: पुढून मार, मागून मार, डावीकडून मार आणि उजवीकडून मार. मार बसण्याच्या क्षणी पात्राचे तोंड जिकडे असेल त्या दिशेच्या संदर्भात मार कोणत्या कोनातून आला हे काढायचे आणि त्यावरून चारपैकी एक क्लिप निवडायची, एवढेच हे काम आहे. पात्राच्या समोरची दिशा शून्य अंश, उजवी बाजू धन आणि डावी बाजू ऋण असा संकेत ठरवला. त्यानुसार उणे ४५ ते अधिक ४५ अंश म्हणजे पुढून, ४५ ते १३५ म्हणजे उजवीकडून, उणे ४५ ते उणे १३५ म्हणजे डावीकडून आणि उरलेला पाठीमागचा पाव भाग म्हणजे मागून.

आम्ही गोडो इंजिनाची चौथी आवृत्ती वापरत आहोत. कोन काढण्याचे सूत्र एका ओळीचे आहे आणि ते आजच लिहून झाले. त्या सूत्रात जे दोन सदिश जातात, म्हणजे पात्राचे तोंड कुठे आहे आणि मार कुठून आला, ते नेमके कोणते घ्यायचे हा मात्र खरा प्रश्न ठरेल असे मला वाटते, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

५ जुलै

क्लिप तयार करण्याआधी हालचालींचा नमुना हवा होता. पेडण्याच्या बाजूला दशावतारात युद्धाचे प्रसंग करणारे एक ज्येष्ठ कलाकार आमच्या विनंतीवरून आज आले, आणि त्यांनी चारही बाजूंनी मार बसल्याचा अभिनय मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर करून दाखवला. मी त्यांना म्हटले, ‘‘काका, आता डावीकडून मार बसल्याचे दाखवा.’’ त्यावर त्यांनी लगेच विचारले, ‘‘डावीकडून म्हणजे माझ्या डावीकडून, की बघणाऱ्याच्या?’’

हा प्रश्न मी स्वतः विचारायला हवा होता. आमच्या जुन्या फोल्डरमध्ये `hit_left` नावाची एक क्लिप होती आणि तिच्यात पात्राचे डोके डावीकडे फेकले जात होते, म्हणजे प्रत्यक्षात ती उजवीकडून बसलेल्या माराची क्लिप होती. ज्याने ती केली त्याने शरीर कुठे जाते ते नावात लिहिले होते, आणि मी मार कुठून येतो असे समजून ती वापरत होतो. एकाच नावाचे असे तीन अर्थ निघतात: मार कुठून आला, शरीर कुठे गेले, आणि कॅमेऱ्याला कोणती बाजू दिसते. यापुढे चारही नावांमध्ये ‘कुठून’ हे स्पष्ट राहील आणि डावे-उजवे नेहमी पात्राचे स्वतःचे असेल. नावे `from_front`, `from_back`, `from_left`, `from_right` अशी ठेवली.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी क्लिपसाठी मोलाची आहे. डावीकडून मार बसला की आधी डोके उजवीकडे झुकते, मग खांदा जातो, आणि तोल सावरण्यासाठी उजवा पाय सर्वांत शेवटी बाहेर पडतो. मागून मार बसला तर छाती आधी पुढे येते आणि डोके मागे राहते. अॅनिमेशन करणाऱ्या आमच्या सहकारी ताईंनी हा क्रम लिहून घेतला.

८ जुलै

चारही क्लिप पात्राला जोडल्या. पहिल्या चाचणीत सर्व काही बरोबर दिसले आणि दुसऱ्या चाचणीत सर्व काही चुकले. दोन्ही चाचण्यांत फरक एवढाच होता की पहिल्या वेळी पात्र नकाशाच्या उत्तरेकडे तोंड करून उभे होते.

चूक शोधण्यासाठी एक प्रसंग कागदावर सोडवला. मार खाणारे पात्र (२, ०, ३) या बिंदूवर आहे, हल्लेखोर (५, ०, २) या बिंदूवर आहे आणि पात्राचे तोंड पश्चिमेकडे, म्हणजे ऋण x दिशेला आहे. पात्रापासून हल्लेखोराकडे जाणारा सदिश (३, ०, –१) येतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्याची उजवी बाजू उत्तरेला, म्हणजे ऋण z दिशेला येते. त्यामुळे या सदिशाचा पात्राच्या समोरच्या दिशेतील भाग उणे ३ आणि उजवीकडील भाग १ इतका निघतो, आणि कोन सुमारे १६१.६ अंश येतो. हल्लेखोर स्पष्टपणे पाठीमागे आहे. आमचा प्रोग्रॅम मात्र ७१.६ अंश सांगत होता आणि उजवीकडून मार बसल्याची क्लिप लावत होता.

या दोन उत्तरांतील फरक नेमका ९० अंशांचा आहे, म्हणजे पात्र उत्तरेपासून जितके वळले आहे तितकाच. यावरून कारण कळले. आमच्या रचनेत `CharacterBody3D` हा नोड फक्त जागा बदलतो, वळत कधीच नाही. वळतो तो त्याच्या आतला मॉडेलचा नोड. मी कोन बाहेरच्या नोडच्या संदर्भात काढत होतो, त्यामुळे प्रोग्रॅमच्या दृष्टीने पात्र कायम उत्तरेकडेच पाहत होते.

म्हणून संदर्भ मॉडेलच्या नोडवर नेला, तर त्याच प्रसंगाचे उत्तर उणे १८.४ अंश आले आणि पाठीत मार बसूनही पुढून बसल्याची क्लिप लागली. यावेळी फरक बरोबर १८० अंशांचा होता. गोडोमध्ये नोडची समोरची दिशा म्हणून साधारणपणे ऋण z घेतात, परंतु glTF स्वरूपात आयात केलेल्या मॉडेलचे तोंड धन z दिशेला असते. त्यामुळे पुढचे-मागचे तर उलटतेच, त्याबरोबर डावे-उजवेही उलटते, आणि ही दुसरी उलटापालट लवकर ध्यानात येत नाही, कारण बघणाऱ्याचे लक्ष आधी पुढे-मागे झालेल्या चुकीकडे जाते. केवळ z चे चिन्ह बदलून थांबलो असतो तर डावे-उजवे चुकीचेच राहिले असते. दोन्ही चिन्हे बदलल्यानंतरचा गाभा असा आहे:

```gdscript
var from := -travel
from.y = 0.0
var local: Vector3 = model.global_transform.basis.inverse() * from
var deg := rad_to_deg(atan2(-local.x, local.z))
```

येथे `travel` म्हणजे वार ज्या दिशेने प्रवास करतो ती दिशा. ती उलटी केली की मार कुठून आला हे मिळते. ही उलटी करण्याची क्रिया संपूर्ण प्रकल्पात फक्त याच एका ओळीत होईल असा नियम केला आहे. हल्ला करणाऱ्या बाजूने काही ठिकाणी उलटी दिशा आणि काही ठिकाणी सुलटी दिशा पाठवली, तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पुढे कोणत्या चुकीमुळे काय बिघडले हे सापडत नाही.

९ जुलै

एक छोटी नोंद. पात्र धनुष्य ताणून बाजूला नेम धरते तेव्हा कंबर एका दिशेला आणि छाती दुसऱ्या दिशेला असते. तोंडाची दिशा यांपैकी कोणती मानायची? आमच्या चारही क्लिप पायांसह संपूर्ण शरीराच्या असून त्या कंबरेच्या संदर्भात तयार झाल्या आहेत, म्हणून कंबरेची, म्हणजे मॉडेलच्या नोडची दिशाच धरली. क्लिप केवळ कंबरेवरच्या भागाच्या असत्या तर मी छातीची दिशा घेतली असती.

१२ जुलै

आता दुसरा सदिश. आतापर्यंत मी हल्लेखोर कुठे उभा आहे यावरून माराची दिशा ठरवत होतो. भोसकण्याच्या वारासाठी ते पुरेसे आहे. परंतु समोर उभा असलेला हल्लेखोर स्वतःच्या उजवीकडून डावीकडे आडवी लाठी फिरवतो तेव्हा ती आपल्या पात्राच्या डाव्या कानशिलावर बसते. हल्लेखोर शून्य अंशावर असल्यामुळे प्रोग्रॅम पुढून मार बसल्याची क्लिप लावतो आणि डोके मागे जाते, तर लाठी डावीकडून उजवीकडे जाताना दिसते. काकांच्या चित्रफितीशी ताडून पाहिल्यावर ही विसंगती डोळ्यांना फारच खटकते.

पहिला उपाय म्हणून लाठीचा प्रत्यक्ष वेग मोजला: लाठीवर जिथे स्पर्श झाला त्या बिंदूची आधीच्या आणि आताच्या भौतिकी-टप्प्यातील जागा घेऊन त्यांची वजाबाकी केली. मोकळ्या जागेत उत्तर छान आले. जवळ जाऊन लढताना मात्र तोच वार कधी डावीकडून तर कधी पुढून बसल्याचे दाखवू लागला.

त्याचे कारण हिशेबातच आहे. आमची लाठी सेकंदाला सुमारे ६०० अंश फिरते आणि हल्लेखोर त्याच वेळी सेकंदाला ३ मीटर वेगाने पुढे पाऊल टाकतो. मुठीपासून १.४ मीटरवरच्या टोकाचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १४.७ मीटर येतो, त्यापुढे ३ मीटरचे पुढे सरकणे किरकोळ ठरते आणि मार डावीकडून सुमारे ७८ अंशांवरून आल्याचे निघते. मुठीपासून ४० सेंटिमीटरवर मात्र आडवा वेग ४.२ मीटरच उरतो आणि कोन ५४ अंशांपर्यंत घसरतो. शिवाय इतक्या जवळ उभ्या असलेल्याचे अंग लाठीच्या वाटेत लवकर येते. लाठी समोर सरळ होण्याच्या ३० अंश आधीच ती टेकली, तर तिच्या गतीचा बराच भाग पात्राच्या दिशेने असतो, आणि दोन्ही परिणाम मिळून कोन ३५ अंशांवर येतो. ३५ अंश म्हणजे आमच्या वाटणीत पुढचा भाग. मोजमापात काहीच चुकलेले नाही. लाठीचा तो बिंदू त्या क्षणी खरोखरच तसा जात होता. पण खेळणाऱ्याला एक आडवा वार दिसला होता आणि त्याची अपेक्षा त्या वारावरून बनली होती, एका टप्प्यातील गतीवरून नव्हे.

म्हणून लाठीच्या प्रत्येक वाराची दिशा मोजण्याऐवजी ती ताईंनी हल्लेखोराच्या संदर्भात हाताने लिहून ठेवावी असे ठरले. उजवीकडून येणाऱ्या आडव्या वारासाठी आम्ही `Vector3(1, 0, 0.2)` लिहिले, कारण धन z दिशेला तोंड असलेल्या मॉडेलची डावी बाजू धन x असते: वार मुख्यतः हल्लेखोराच्या डावीकडे जातो आणि थोडा पुढे. वार बसताना ही दिशा हल्लेखोराच्या मॉडेलप्रमाणे वळवून पाठवली जाते. दोघे समोरासमोर असतील तर कोन डावीकडे सुमारे ७९ अंश येतो, मग लाठी टोकाला लागो वा मुठीजवळ. बाणाचा मात्र खरा वेगच घेतला आहे, कारण बाण हवेत असताना धनुर्धारी जागा बदलू शकतो. स्फोटाच्या बाबतीत केंद्रापासून शरीराकडे जाणारी दिशा घेतली.

१५ जुलै

लिहून ठेवलेल्या दिशांमुळे समोरासमोरची लढत चांगली दिसू लागली, परंतु पाठीमागून होणाऱ्या हल्ल्यात एक उणीव जाणवली. मागे उभ्या असलेल्या शत्रूने आडवा वार केला की पात्र बाजूला कलंडते. शरीराच्या दृष्टीने ते योग्य आहे, पण शत्रू पाठीशी आहे हे खेळणाऱ्याला कळत नाही, कारण तो कॅमेऱ्याच्या कडेबाहेर असतो आणि पात्राचे पुढे ढकलले जाणे हीच त्याची एकमेव खूण असते. ताईंचे म्हणणे असे होते की वाराची दिशा आणि हल्लेखोराची दिशा यांची निम्मी-निम्मी बेरीज करावी, म्हणजे दोन्ही गोष्टी राखल्या जातील. मलाही ते पटले आणि आम्ही तसे करून पाहिले.

त्याचा परिणाम उलट झाला. हल्लेखोर शून्य अंशावर आणि वार डावीकडे ७९ अंशांवर असेल तर निम्म्या बेरजेचा कोन त्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे डावीकडे ३९.४ अंशांवर पडतो, आणि आमची सीमा ४५ वर आहे. हल्लेखोर पात्राच्या डावीकडे अवघे ६ अंश सरकून पुन्हा तोच वार करतो तेव्हा कोन ४५.४ होतो आणि क्लिप बदलते. म्हणजे सर्वांत अधिक वेळा होणारा वार आम्हीच नेऊन सीमेवर बसवला होता. पुढचे आणि बाजूचे भाग ९० अंशांच्या अंतरावर असल्यामुळे त्यांची कोणतीही समसमान सरासरी ४५ च्या आसपासच जाणार, हे करून पाहण्याआधी माझ्या लक्षात यायला हवे होते. वजने बदलून हा दोष फक्त दुसऱ्या एखाद्या वारावर ढकलता आला असता.

त्यामुळे मिश्रण सोडून दिले आणि निवड ठेवली. हल्लेखोर पात्राच्या मागच्या भागात, म्हणजे कोणत्याही बाजूने १३५ अंशांपलीकडे असेल, तर त्याच्या जागेवरून मागून मार बसल्याची क्लिप लावायची. अन्यथा वाराची लिहिलेली दिशा घ्यायची. हा नियम फक्त लाठीला लागू आहे. बाणाला तो लावला तर पाठीमागच्या धनुर्धाऱ्याचा, दगडाला आपटून बाजूने येणारा बाण चुकीचा ठरेल.

१६ जुलै

डोक्यावर उभ्या पडणाऱ्या वाराने आज घोळ घातला. वरून खाली येणाऱ्या दिशेतील y काढून टाकला की उरलेला सदिश इतका लहान असतो की त्याचा कोन जवळजवळ निरर्थक असतो, आणि क्लिप दर वेळी वेगळी लागते. सदिश शून्य आहे का एवढे तपासून भागत नाही, कारण तो नेमका शून्य क्वचितच असतो. आडवा भाग संपूर्ण लांबीच्या ०.३ पटीहून कमी असेल, म्हणजे वार उभ्या रेषेपासून सुमारे १७ अंशांच्या आत असेल, तर वाराची दिशा न धरता हल्लेखोराची जागा घ्यायची असे केले. स्फोट नेमका पायाखाली झाला तर जागेवरूनही दिशा मिळत नाही. तेव्हा पुढून मार बसल्याची क्लिप लागते, आणि तीच कमी खटकते.

दुपारभर वीज नव्हती, त्यामुळे बाकीचे काम कागदावरच केले.

१९ जुलै

एकामागून एक बाण लागतात तेव्हा सीमेजवळ क्लिप आलटून पालटून लागत होती: ४३ अंशांचा बाण पुढून आणि ४७ अंशांचा बाण उजवीकडून. प्रत्येक निवड योग्य, पण दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्या की पात्राला झटके बसल्यासारखे दिसते. यासाठी सीमेला थोडी चिकटण दिली आहे. आधीचा मार ०.६ सेकंदाच्या आत बसलेला असेल, तर आधीच्या क्लिपचा भाग दोन्ही बाजूंनी ८ अंश रुंद धरायचा. त्यामुळे पुढून मार बसल्याची क्लिप चालू असताना ५३ अंशांपर्यंतचा बाण पुढूनच आलेला मानला जातो. वेळेची अट महत्त्वाची आहे, कारण तिच्याशिवाय दहा सेकंदांपूर्वीच्या माराचा परिणाम आताच्या निवडीवर झाला असता.

याच तपासणीत `AnimationTree` मधली एक चूकही सापडली. चार क्लिप एका `Transition` नोडमध्ये आहेत आणि त्यांना चालवणारा `OneShot` नोड त्याच्यापुढे आहे. `Transition` ला मी सवयीने ०.२ सेकंदाचा मिसळण्याचा काळ दिला होता, त्यामुळे नव्या प्रतिक्रियेच्या सुरुवातीला जुन्या क्लिपचा अंश दिसत असे. माराच्या प्रतिक्रियेत पहिले तीन-चार फ्रेमच सर्वांत बोलके असतात आणि तेच पुसट होत होते. तो काळ शून्य केला. आधी बाजू निवडायची आणि मगच `OneShot` ला चालना द्यायची, हा क्रमही पक्का केला.

२२ जुलै

अखेरची चाचणी. पात्राभोवती ७२ बिंदू दर ५ अंशांवर मांडले, प्रत्येक बिंदूवरून केंद्राकडे एक बाण सोडला आणि हे सर्व पात्राच्या आठ वेगवेगळ्या वळणांत केले, म्हणजे एकूण ५७६ मार. बिंदूंची सुरुवात शून्याऐवजी २.५ अंशांवरून केली आहे, कारण नाहीतर काही बिंदू अगदी ४५ आणि १३५ वर पडतात आणि तिथे दशांशातील बारीक चूक निकाल ठरवते. चिकटणीचा परिणाम येऊ नये म्हणून प्रत्येक बाणानंतर एक सेकंद थांबवले.

प्रत्येक वळणात प्रत्येक क्लिप १८ वेळा लागली पाहिजे आणि लागली. परंतु ही मोजदाद एकटी पुरेशी नाही: ८ जुलैची पुढे-मागे उलटण्याची चूक पुन्हा घातली तरी प्रत्येक क्लिप १८ वेळाच लागते. म्हणून चाचणीत प्रत्येक बाणाची अपेक्षित बाजूही तपासली जाते, आणि ती आमच्या सूत्रातून न काढता बिंदूच्या क्रमांकावरून काढली आहे. वळणाच्या कोनांमध्ये ० आणि ९० सोबत ३७ आणि २१३ असे ओबडधोबड आकडे मुद्दाम घेतले आहेत. केवळ काटकोनांत तपासले तर काही चुका निसटू शकतात.

ताईंनी शेवटी काकांची चित्रफीत आणि गेममधील आडव्या वाराचे चित्रण शेजारी शेजारी लावून दाखवले. डोके उजवीकडे, मग खांदा, मग उजवा पाय, हा क्रम जुळतो. पात्र धावत असताना पाय मात्र क्लिपमधील उभ्या स्थितीत येतात आणि घसरल्यासारखे दिसतात. दिशेची निवड त्यात बरोबरच असते. धावतानाच्या प्रतिक्रियेसाठी कंबरेवरच्या भागाच्या वेगळ्या क्लिप लागतील, आणि तेव्हा ९ जुलैला ठरवलेली तोंडाची दिशा कंबरेवरून छातीवर न्यावी लागेल.